केस, चावी आणि स्किन: मुलाचा ‘नफा’ कसा तपासायचा

प्रश्न: “मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्स, गंगापूर रोडला क्लास. काउंटर-स्ट्राइक खेळतो. माझ्या यूपीआयवरून तीन महिन्यांत दोनशे-अडीचशे करत साधारण नऊ हजार गेले. विचारलं तर म्हणतो, ‘आई, हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे. स्किन कधीही विकता येते.’ हा जुगार आहे का? कॉम्प्युटरच काढून घेऊ का?”

ताई, तुमच्या प्रश्नातली सर्वात महत्त्वाची माहिती नऊ हजार ही नाही, ‘दोनशे-अडीचशे करत’ ही आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंद पेटी, म्हणजे ‘केस’, उघडायची चावी २.४९ डॉलरला मिळते, म्हणजे डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण २१० रुपयांना. एखादी स्किन, म्हणजे खेळातल्या हत्याराचं सजवलेलं रूप, आवडली म्हणून मुलगा विकत घेतो तेव्हा रक्कम कधी ४०, कधी ६७०, कधी १,३०० अशी वेडीवाकडी असते. एकाच आकड्याच्या आसपास पुन्हा पुन्हा पैसे जात असतील तर तो वस्तू घेत नाहीये, चाव्या घेतोय असा माझा पहिला अंदाज असतो. तो चुकूही शकतो, कारण काही मुलं हातात येतील तसे दोन-दोनशे रुपये स्टीमच्या, म्हणजे हा गेम जिथून मिळतो त्या ऑनलाइन दुकानाच्या, वॉलेटमध्ये साठवतात आणि त्यातून गेम घेतात. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. कसं ते पुढे सांगते.

मी नाशिकमध्ये चौदा वर्षं किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन करते. पालक बहुतेक वेळा ‘गेमचं व्यसन’ म्हणून येतात आणि मुलगा किती तास खेळतो तेच सांगत राहतात. तुमच्याबाबतीत मला तासांची फारशी काळजी वाटत नाही. काउंटर-स्ट्राइक हा पाच विरुद्ध पाच असा कौशल्याचा खेळ आहे. त्यात नशिबाला फार जागा नाही आणि स्किन असली-नसली तरी नेम तोच राहतो. जुगार आहे तो खेळाच्या शेजारी मांडलेल्या दुकानात. म्हणून ‘गेम चांगला की वाईट’ यापेक्षा वेगळा प्रश्न विचारावा लागतो: पैसा आत कसा जातो, पेटीत काय होतं आणि निघालेली वस्तू पुन्हा पैशात बदलायला रस्ता आहे का?

आपल्याकडे जत्रेत सोरट असायची. पाच-दहा रुपये द्यायचे, चिठ्ठी उचलायची, बहुतेक वेळा कंगवा किंवा गोळी निघायची आणि वर टांगलेलं घड्याळ तिथेच टांगलेलं राहायचं. केस म्हणजे तीच सोरट. फरक दोनच, पण मोठे. जत्रा चार दिवसांत उठायची, ही उठत नाही. आणि सोरटीत निघालेला कंगवा कोणी परत विकत घेत नसे. इथे निघालेल्या प्रत्येक स्किनला बाजारभाव आहे, शेअरसारखा वरखाली होणारा. तुमच्या मुलाच्या बोलण्यात ‘इन्व्हेस्टमेंट’ हा शब्द आला तो इथून.

सगळ्या गेमांमध्ये हे सारखं नसतं, आणि काळजी किती करायची ते यावरच ठरतं. व्हॅलोरंटमध्ये स्किन महाग असतात, पण काय घेतोय ते दिसतं, किंमत ठरलेली असते आणि घेतलेली स्किन दुसऱ्याला देता येत नाही. तो खर्च आहे, कदाचित उधळपट्टी, पण सोरट नाही. बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्समध्ये क्रेट आणि स्पिन आहेत, म्हणजे सोरट आहे, पण निघालेली वस्तू गेममध्ये विकता येत नाही. तिथे मुलं फार तर अख्खं अकाउंट इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर विकायला काढतात आणि बऱ्याचदा फसतात. काउंटर-स्ट्राइक, डोटा २ आणि रस्ट यांत मात्र वस्तू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ शकते. ती हलते, म्हणून ती चलन होते, आणि चलन झालं की त्यावर पैज लावणारे येतातच.

आता पेटीच्या आत काय होतं ते पाहू. काउंटर-स्ट्राइकमध्ये केस २०१३ साली आल्या. निघायचं प्रमाण काय, हे बरीच वर्षं कळत नव्हतं. चीनमधल्या नियमामुळे २०१७ मध्ये तिथल्या वितरक कंपनीला ते जाहीर करावं लागलं. त्या आकड्यांनुसार एक हजार केस उघडल्या तर साधारण ७९९ निळ्या स्किन निघतात, १६० जांभळ्या, ३२ गुलाबी, ६ लाल आणि दोन किंवा तीन नाइफ किंवा ग्लोव्हज. मुलं ज्यासाठी केस उघडतात तो नाइफ ०.२६ टक्के, म्हणजे सरासरी ३८५ केसमागे एक. ३८५ चाव्यांचे ८० हजारांवर रुपये होतात, केसची किंमत वेगळी. आणि ३८५ उघडल्या म्हणजे नाइफ मिळालाच, असंही नाही. तेवढ्या उघडूनही दर शंभरातल्या ३७ जणांना एकही मिळत नाही, कारण प्रत्येक केस नव्याने सुरू होते, आधीच्या ८० रिकाम्या गेल्या हे तिला माहीत नसतं. ‘आता निघायलाच पाहिजे’ हे वाक्य मुलाच्या तोंडी आलं तर तिथे थांबून त्याच्याबरोबर हाच हिशोब करा. अकरावीच्या मुलाला तो जमतो: ०.९९७४ चा शंभरावा घात काढायला सांगा. उत्तर ०.७७ येतं. म्हणजे शंभर केस उघडूनही ७७ टक्के शक्यता रिकाम्या हाताची.

पण गणित कळूनही मुलं थांबत नाहीत, हे मी पाहिलंय, आणि त्याचं कारण पडद्यावर आहे. सिडकोतला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता, तोही सोळा वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलते आहे. त्याने फोनवर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मला दाखवला. चावी लावली की स्किनची चित्रं आडवी धावू लागतात, टक-टक-टक असा आवाज येतो, वेग कमी होत जातो, मधल्या उभ्या रेषेजवळून नाइफचा सोनेरी चौकोन सरकतो आणि शेजारच्या निळ्या चौकोनावर सगळं थांबतं. त्याने व्हिडिओ थांबवून रेषेवर बोट ठेवलं. “बघा मॅडम, एका घराने हुकला.” मी त्याला विचारलं, निकाल कधी ठरला? तो म्हणाला, थांबलं तेव्हा. तसं नाही. चावी लावली तेव्हाच ठरला. पुढची धावपळ ही फक्त निकाल उघड करायची पद्धत आहे. त्या निळ्या चौकोनाच्या शेजारी सोनेरी होता की आणखी एक निळा, याने काहीच बदलत नाही. पण मेंदू ‘हुकला’ असं नोंदवतो, ‘हरलो’ असं नाही, आणि हुकलेला माणूस पुन्हा नेम धरतो. कॅसिनोतल्या स्लॉट मशीनचा हाच गुण आहे. तो मुलगा बराच वेळ त्या थांबवलेल्या चित्राकडे बघत होता. त्यानंतरच तो बाकीचं बोलायला तयार झाला.

त्याचा हिशोब मी इथे मांडते, कारण तुम्हाला घरी हाच करायचा आहे.

आम्ही तिघं बसलो, माउस त्याच्याच हातात. आधी स्टीम खात्यातलं `Purchase History` उघडलं. पत्ता `store.steampowered.com/account/history`. अकरा महिन्यांत वॉलेटमध्ये २३,४०० रुपये टाकलेले होते. वडिलांचा अंदाज आठ-नऊ हजारांचा होता. मुलालाही एकूण आकडा माहीत नव्हता आणि त्याचा चेहरा बघून मला ते खरं वाटलं. वॉलेटमध्ये एकदा पैसे टाकले की ते बँकेत परत येत नाहीत, त्यामुळे तिथून पुढची प्रत्येक चावी ‘आधीच गेलेल्या’ पैशांतून घेतल्यासारखी वाटते.

मग `Inventory History`, म्हणजे वस्तूंच्या देवघेवीच्या नोंदी, उघडलं. पत्ता `steamcommunity.com/my/inventoryhistory`. इथे प्रत्येक नोंदीत गेलेल्या वस्तूपुढे वजा आणि आलेल्या वस्तूपुढे अधिकचं चिन्ह असतं. केस उघडल्याची खूण सोपी आहे: केस आणि चावी वजा, एक स्किन अधिक. आम्ही अशा नोंदी मोजल्या, ८४ भरल्या. त्यातून ६८ निळ्या, १३ जांभळ्या आणि ३ गुलाबी निघाल्या होत्या. लाल एकही नाही, नाइफ एकही नाही. मुलगा म्हणाला, “माझं नशीबच खराब.” मी त्याला वर दिलेलं प्रमाण कागदावर लिहून दिलं. ८४ केसमधून साधारण ६७ निळ्या, १३ जांभळ्या आणि २ किंवा ३ गुलाबीच निघायला हव्यात. ८४ उघडणाऱ्या दर पाच जणांतल्या चौघांना नाइफ मिळत नाही. त्याचं नशीब खराब नव्हतं, अगदी नेमकं सरासरी होतं. हे वाक्य त्याला सगळ्यात जास्त लागलं.

चाव्यांचेच १७,६४० रुपये झाले होते. निघालेल्या सगळ्या स्किन त्या दिवशीच्या स्टीम मार्केटच्या भावाने विकल्या असत्या तर घेणाऱ्यांनी मिळून ५,१७५ रुपये दिले असते आणि त्याच्या वॉलेटमध्ये ४,५०० आले असते. मधला फरक बाजाराच्या कटाचा: काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूवर घेणारा ११५ देतो तेव्हा विकणाऱ्याला १०० मिळतात. मुलं इन्व्हेंटरीची किंमत सांगतात ती नेहमी घेणाऱ्याच्या बाजूची. तुमच्या मुलाने आकडा सांगितला तर विचारा, “विकल्यावर तुझ्या हातात किती?” आणि त्यापुढचा प्रश्न, “ते वॉलेटमध्ये की बँकेत?” स्टीमच्या बाजारात विकलं तर पैसे वॉलेटमध्येच येतात. बँकेत पैसे हवे असतील तर बाहेरच्या साइटवर जावं लागतं.

आणि काळजीची खरी जागा ती बाहेरची साइट आहे. त्या मुलाच्या नोंदींमध्ये काही ओळी वेगळ्या होत्या: अनोळखी नावाच्या खात्याशी ट्रेड, दोन-तीन स्किन वजा आणि बदल्यात काहीच अधिक नाही. मी बोट ठेवलं तसा तो गप्प झाला. अशी एकतर्फी ओळ मुलाच्या इतिहासात दिसली तर तिचे अर्थ बहुधा तीनच. मित्राला भेट दिली, बाहेरच्या बाजारात विकली, किंवा सट्ट्याच्या साइटवर जमा केली. विकली असेल तर पैसे कुठेतरी आलेले दिसायला हवेत, भेट दिली असेल तर मित्राचं नाव सांगता येतं. दोन्ही नसेल तर बहुधा तिसरं.

त्या साइट कशा चालतात ते सांगते, कारण पालकांना तिथे काय होतं याची कल्पना नसते. मुलगा स्टीमच्या खात्यानेच लॉग-इन करतो आणि १८ वर्षं पूर्ण आहेत या चौकोनात टिक करतो. साइटचं खातं त्याच्याकडून स्किन घेतं आणि बदल्यात तिथे कॉइन दिसू लागतात. मग कॉइनफ्लिप म्हणजे छापा-काटा, क्रॅश म्हणजे चढत जाणारा आकडा फुटायच्या आत बाहेर पडायचं, केस बॅटल म्हणजे दोघांनी केस उघडायच्या आणि ज्याची बेरीज मोठी त्याने सगळं न्यायचं. जिंकलं तर पुन्हा स्किन किंवा क्रिप्टोमध्ये बाहेर. यात बँकेचा संबंध कुठेच येत नाही, म्हणून तुमच्या स्टेटमेंटमध्ये ‘सट्टा’ असं कधीच दिसणार नाही. स्टीमचं नाव दिसेल, तेवढंच.

सिडकोतल्या मुलाने पहिल्या आठवड्यातच छापा-काट्यात ११ हजारांची स्किन जिंकली होती. पुढचे पाच महिने तो ती रात्र परत आणायचा प्रयत्न करत होता. जिंकलेली गेली, स्वतःच्या ३,८०० रुपयांच्या स्किन गेल्या, आणि क्लासमधल्या तीन मित्रांकडून घेतलेले सहा हजारही गेले. हे सहा हजार कोणत्याही हिस्ट्रीत नव्हते. ते त्याने आपणहून सांगितले, वडील चहा आणायला बाहेर गेले तेव्हा.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं देते. केस उघडणं हे माझ्या मते जुगाराच्याच रचनेचं आहे: पैसा द्या, निकाल नशिबावर, हाती येणाऱ्या वस्तूला भाव. कायद्याने त्याला काय म्हणायचं यावर देशोदेशी एकमत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगार ठरवल्या. नेदरलँड्समध्ये फुटबॉल गेममधल्या पॅकबद्दल ठोठावलेला दंड तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात लूट बॉक्सचं, म्हणजे अशा पेट्यांचं, नाव नाही, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि ‘पैशाऐवजी लावलेली वस्तू’ या व्याख्येत कॉइन, टोकन आणि पैसे देऊन घेतलेल्या वस्तूही आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे स्किन लावून छापा-काटा खेळवणाऱ्या साइट त्यात बसतात. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मुलं पोलिसांच्या भीतीने लपवतात आणि पालक बदनामीच्या भीतीने.

संशोधनाबद्दलही विचारलं जातं. ब्रिटनमधल्या डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये दाखवलं की लूट बॉक्सवर जास्त खर्च करणाऱ्यांमध्ये जुगाराची समस्याही जास्त तीव्र असते. पेट्यांमुळे जुगारी होतात की जुगाराकडे ओढा असलेलेच पेट्या घेतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. मला रोजच्या कामात दोन्ही प्रकारची मुलं भेटतात. म्हणून ‘तुझा मुलगा जुगारी झाला’ असं मी कुणाच्या आईला सांगत नाही. केस उघडणारी बरीच मुलं दहावी-बारावीच्या गडबडीत आपोआप सोडूनही देतात.

‘इन्व्हेस्टमेंट’चं काय? हा मुद्दा उडवून लावू नका, त्यात थोडं तथ्य आहे. काही जुन्या स्किनचे भाव खरंच अनेक पटींनी वाढले. पण ज्यांना फायदा झाला त्यांनी स्किन किंवा न उघडलेल्या केस विकत घेऊन ठेवल्या. उघडणारा माणूस गुंतवणूकदार नसतो, तो त्या गुंतवणूकदाराचा गिऱ्हाईक असतो. आणि या बाजारात पुरवठा किती हे एकच कंपनी ठरवते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिने पाच लाल स्किन देऊन नाइफ किंवा ग्लोव्हज घ्यायची सोय केली आणि महागड्या नाइफचे भाव एका रात्रीत कोसळले. एका निर्णयाने भाव पडणं म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावला काय झालं ते आपण पाहिलंय. मुलाला हे उदाहरण द्या. गुंतवणूक करायची हौस असेल तर ती हिशोबाच्या वहीत दिसली पाहिजे: तारीख, घेतली किती, विकली किती, हातात किती. वही नसेल तर तो शब्द फक्त पैसे मागायला वापरला जातोय.

आता कॉम्प्युटर काढून घ्यायचा का? माझा सल्ला: पहिल्या दिवशी नको. ट्रेडला मंजुरी फोनवरच्या स्टीम अ‍ॅपमधून दिली जाते आणि सट्ट्याच्या साइट फोनवरही चालतात. कॉम्प्युटर उचलला तर खेळ बंद होतो आणि जुगार चालू राहतो, वर तुम्हाला नोंदी दाखवणारा माणूस तुमच्यावर रुसलेला. शिवाय ज्याचे पैसे अडकलेत तो मुलगा बंदीच्या आदल्या रात्री सगळं एकदम लावून टाकतो. हे मी दोन घरांत पाहिलंय.

आधी पैशाचा नळ बंद करा, शांतपणे, न भांडता. यूपीआयचा पिन आजच बदला, ब्राउझरमध्ये आणि स्टीममध्ये साठवलेलं कार्ड काढा, फोनमधला ऑटोपेचा भाग उघडून बघा. घरात आजी-आजोबांचे फोन असतील तर तेही. पेन्शनच्या खात्यातून दोनशे रुपये गेले तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आजोबांचा पिन बहुधा नातवानेच सेट करून दिलेला असतो. स्टीमचे गिफ्ट कोड रोख देऊन मित्राकडूनही मिळतात, तेव्हा मेस, क्लासच्या नोट्स, पेट्रोल असे हातात दिले जाणारे पैसे दोन महिने थेट त्या-त्या ठिकाणी भरा. त्याला सांगून करा: “शिक्षा म्हणून नाही, हिशोब होईपर्यंत.”

मग त्याच आठवड्यात एक तास काढा आणि वरचा हिशोब त्याच्याबरोबर करा. फोन हिसकावून, तो झोपल्यावर वगैरे नको. माउस त्याच्या हातात राहू द्या आणि तुम्ही फक्त लिहा. चारच आकडे काढायचे: एकूण आत गेले किती, केस उघडल्या किती, आज सगळं विकलं तर हातात किती, आणि एकतर्फी गेलेल्या स्किन किती. एकूण आकडा आला की बहुतेक पालकांचा आवाज चढतो. तिथे थोडं थांबा, कारण उधारीचा विषय त्यानंतर निघतो. मी पालकांना एक वाक्य पाठ करायला सांगते: “कुणाचे देणे आहेत का? ते आपण दोघं मिळून फेडू, पण आज कळायला हवेत.” याच बैठकीत `steamcommunity.com/dev/apikey` हे पानही उघडा. तिथे एखादी ‘एपीआय की’, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला खात्यात शिरकाव देणारा कोड, नोंदलेली असेल आणि ती त्याने स्वतः केलेली नसेल तर कुठल्यातरी बनावट लॉग-इन पानाने खात्यात हात घातलाय. ती ‘की’ काढून टाका आणि पासवर्ड बदला.

जमलेल्या स्किनचं काय करायचं, यावर घराघरात मतं वेगळी असतात. माझं मत असं आहे की तो रोज वापरतो त्या चार-पाच राहू द्याव्यात. बाकीच्या त्यानेच स्टीमच्या बाजारात विकाव्यात आणि वॉलेटमधल्या पैशांतून एखादा पूर्ण गेम घ्यावा. थोडा तोटा झाला तरी बाहेरच्या साइटवर विकायला पाठवू नका. तिथे फसवणूक होते, आणि हातात आलेली रोकड तिथूनच परत आत जाते.

यानंतर स्टीम फॅमिलीज ही सोय लावता येते. त्यात मुलाला ‘चाइल्ड’ म्हणून घेतलं की खरेदीची विनंती तुमच्याकडे येते आणि स्टोअर व कम्युनिटीची पानं बंद ठेवता येतात. तिची मर्यादा अशी की काउंटर-स्ट्राइक फुकट खेळता येतो आणि नवीन खातं दहा मिनिटांत निघतं. त्यामुळे ही सोय मुलाच्या संमतीने लावलेली असेल तरच उपयोगी. संमती मिळवायला सिडकोतल्या घरात एक तडजोड झाली: खेळायचे तास कमी केले नाहीत, केस मात्र पूर्ण बंद, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वडील-मुलगा दोघांनी मिळून `Inventory History` बघायची. तिसऱ्या महिन्यात त्यात एक केस उघडलेली निघाली, चावी मित्राने वाढदिवसाला घेऊन दिलेली. वडिलांनी ती नोंद वहीत लिहिली, तारखेसह, आणि तडजोड पुढे चालू ठेवली. मित्रांचे सहा हजार त्यांनी फेडले आणि मुलाच्या पॉकेटमनीतून दरमहा पाचशे वळते केले.

तुमच्या घरी आत्ता जे दिसतंय त्यावरून हे घरातल्या घरात आटोक्यात येण्यासारखं वाटतं. पण हिशोब करताना यातलं काही निघालं तर एकट्याने सांभाळू नका: घरातून पैसे किंवा वस्तू गेल्यात, मित्रांचे देणे वाढतंय, हरलेले ‘रिकव्हर’ करायचे म्हणून तो रात्री जागतोय, दुसरं लपवलेलं स्टीम खातं आहे. एखाद्या साइटने किंवा माणसाने पैसे अथवा खातं लुबाडलं असेल तर १९३० वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि त्याच्या बोलण्यात ‘मी सगळं घालवलं, मी नसलेलाच बरा’ अशा अर्थाचं काही आलं तर हिशोबाची वही त्या क्षणी बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीही.